‘स्थापना १८८८’: कंपनीचे स्थापना वर्ष निबंधकाच्या नोंदींत आणि जुन्या वर्तमानपत्रांत कसे तपासावे

कंपनीच्या बातमीत स्थापना वर्ष बहुधा एका वाक्याच्या कोपऱ्यात येते आणि तपासणीतून सर्वांत आधी तेच निसटते. प्रसिद्धिपत्रकात लिहिलेले वर्ष बातमीत जसेच्या तसे उतरते, त्या बातमीचा आधार घेऊन ते विश्वकोशात जाते आणि काही वर्षांनी कंपनी स्वतःच त्या नोंदीकडे पुरावा म्हणून बोट दाखवते. पण वर्षावरून खरोखरचे वाद होतात. २०२१ मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सने सेबीला पत्र लिहून असा आक्षेप घेतला होता की समूहातल्या अन्य चार कंपन्या १३० वर्षांचा वारसा स्वतःच्या नावावर लावत आहेत. दुसऱ्या बाजूने तो आक्षेप फेटाळण्यात आला. अशा वेळी बातमीदाराला कोणाचे वर्ष कोणत्या कागदावर उभे आहे हे सांगता आले पाहिजे.

या लेखात किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेडचेच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. कंपनी आपल्या परिचयात १८८८ साली स्थापना आणि १९२० साली नोंदणी अशी दोन वर्षे वेगवेगळी सांगते. बहुतेक कंपन्या इतका भेद करत नाहीत, म्हणून तपासणीची पद्धत समजून घेण्यासाठी हे उदाहरण सोयीचे आहे.

दावा नेमका कोणत्या शब्दांत आहे ते आधी बांधून घ्या

कामाची सुरुवात कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या निबंधकाच्या संकेतस्थळावर होत नाही, ती दाव्याच्या शब्दांपासून होते. ‘१८८८ पासून’, ‘स्थापना १८८८’, ‘१८८८ साली नोंदणी’ आणि ‘१८८८ चा वारसा’ ही चार वेगळी विधाने आहेत आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. नोंदणीचा दावा एका कागदाने सिद्ध होतो किंवा कोसळतो. ‘पासून’ हा दावा मात्र सलगतेचा असतो, म्हणजे तेव्हा सुरू झालेला व्यवसाय न तुटता आजच्या कंपनीपर्यंत आला आहे असे तो सांगतो. ‘वारसा’ हा सर्वांत सैल शब्द आहे. त्यात घराणे, आडनाव, एखादा विकत घेतलेला ब्रँड असे काहीही बसू शकते. वहीत दावा शब्दशः उतरवा, तो कोठे सापडला ते लिहा आणि त्या दिवसाची तारीख टाका.

यानंतर पाहायचे ते हे की, हा दावा पूर्वीही असाच होता का. कंपनीच्या संकेतस्थळाची जुनी पाने इंटरनेट आर्काइव्हवर असतात. कंपनीच्या पत्त्यापुढे तारांकन टाकले की त्या नावाने सुरू होणारी साठवलेली पाने एकत्र दिसतात:

```
https://web.archive.org/web/*/example.com/about*
```

दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे पान उघडून आजच्या पानाशेजारी ठेवा. वर्ष मागे सरकले असेल, तर ते कधी सरकले आणि त्या सुमारास काय घडले हे पाहावे. भागविक्री, एखादा वर्धापनदिन, किंवा मालकीतला बदल ही नेहमीची निमित्ते असतात.

कंपनीने अलीकडच्या काळात भागविक्री केली असेल, तर तिचा माहितीपत्रकाचा मसुदा सेबीच्या संकेतस्थळावर असतो आणि त्यात कंपनीच्या इतिहासाचे स्वतंत्र प्रकरण असते. जाहिरातीतल्या मजकुरापेक्षा या प्रकरणाला अधिक वजन द्यावे, कारण त्यातल्या चुकीच्या विधानाची कायदेशीर जबाबदारी कंपनीवर आणि तिच्या संचालकांवर येते. जाहिरातीत शतकाचा वारसा सांगणारी कंपनी या प्रकरणात ‘भागीदारी संस्था म्हणून अमुक साली सुरुवात, कंपनी म्हणून तमुक साली नोंदणी’ असे सरळ लिहिते, असे वारंवार दिसते.

सीआयएन वाचायला शिका

प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो, त्याला सीआयएन म्हणतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार तो कंपनीच्या पत्रांवर आणि बिलांवर छापावा लागतो आणि नियमांनुसार संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावरही द्यावा लागतो. म्हणजे तो मिळवण्यासाठी कंपनीला विचारण्याचीही गरज नसते. किर्लोस्कर ब्रदर्सचा क्रमांक असा आहे:

```
L29113PN1920PLC000670
L | 29113 | PN | 1920 | PLC | 000670
```

पहिले अक्षर कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध आहे हे सांगते. सूचिबद्ध नसेल तर तेथे U असतो. पुढचे पाच अंक उद्योगाचे आहेत. त्यानंतरची दोन अक्षरे नोंदणी कार्यालयाच्या राज्याची. महाराष्ट्रासाठी MH, पण पुणे निबंधकाच्या कार्यक्षेत्रातल्या अनेक कंपन्यांच्या क्रमांकात PN दिसते आणि त्यामुळे गोंधळून जाण्याचे कारण नाही. मग नोंदणीचे वर्ष, त्यानंतर कंपनीचा प्रकार आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक.

वर्ष सरळ दिसते, म्हणून बहुतेक जण तेथेच थांबतात. खरा उपयोग शेवटच्या सहा आकड्यांचा आहे. निबंधकाच्या नोंदवहीत क्रमांक ओळीने चढत जातात, त्यामुळे क्रमांक आणि वर्ष एकमेकांची साक्ष देतात. मुंबईच्या नोंदवहीतली दोन माहितीची नावे घ्या. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स २३ जुलै १९१९ रोजी नोंदली गेली आणि तिचा क्रमांक 000526 आहे. टाटा पॉवर १८ सप्टेंबर १९१९ ची, क्रमांक 000567. किर्लोस्कर ब्रदर्सचा 000670 या दोहोंच्या पुढे येतो आणि १९२० हे वर्ष त्या क्रमात व्यवस्थित बसते. मागे गेलात तर १९०७ ची टाटा स्टील 000260 वर आहे, १८७९ ची बॉम्बे डाइंग 000037 वर आणि १८६३ ची बॉम्बे बर्मा 000002 वर. एखाद्या कंपनीच्या सीआयएनमध्ये १९२० लिहिलेले आहे आणि शेवटचा क्रमांक मात्र सहा आकड्यांत लाखाच्या पुढचा आहे, असे दिसले तर तेथे थांबून चौकशी करावी.

या कसोटीच्या मर्यादा ध्यानात ठेवल्या पाहिजेत. ती एकाच नोंदवहीतल्या कंपन्यांना लागू पडते. नोंदणी कार्यालय दुसऱ्या राज्यात हलवले की नव्या ठिकाणी नवा क्रमांक मिळू शकतो आणि वर्ष मात्र जुनेच राहते. अशा वेळी न जुळणारा क्रमांक हा लबाडीचा नव्हे तर स्थलांतराचा खुणेचा दगड असतो. सीआयएनची पद्धत स्वतः अलीकडची आहे, म्हणजे जुन्या कंपन्यांच्या क्रमांकातले वर्ष नोंदवहीवरून नंतर भरलेले आहे आणि भरताना चूक होऊ शकते. म्हणून सीआयएन हा पुराव्याकडे नेणारा दुवा समजावा, पुरावा नव्हे.

मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून प्रमाणपत्रापर्यंत

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर `View Company/LLP Master Data` ही सोय आहे. तेथे सीआयएन किंवा नाव टाकल्यावर नोंदणीची पूर्ण तारीख, निबंधक कार्यालय, नोंदणी क्रमांक आणि कंपनीची सद्यस्थिती दिसते. या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावा.

पण हे पान माहितीसाठ्यातला उतारा आहे. मूळ कागद म्हणजे नोंदणीचे प्रमाणपत्र, कंपनीची उद्दिष्टे सांगणारे मेमोरँडम ऑफ असोसिएशन आणि नाव बदलले असल्यास त्या वेळी दिलेले नवे प्रमाणपत्र. कंपनी कायद्याच्या कलम ३९९ नुसार निबंधकाकडे दाखल झालेले कागद कोणालाही शुल्क भरून पाहता येतात. पत्रकार म्हणून वेगळी परवानगी लागत नाही, कारण सांगावे लागत नाही आणि माहिती अधिकाराचा अर्जही करावा लागत नाही. संकेतस्थळावर `View Public Documents` येथे एका कंपनीचे कागद पाहण्याचे शुल्क १०० रुपये आहे. इलेक्ट्रॉनिक दाखल्यांची व्यवस्था २००६ पासूनची असल्यामुळे जुन्या कंपन्यांचे पहिले कागद तेथे नसण्याची शक्यता असते. मग संबंधित निबंधक कार्यालयात मूळ फाइल पाहण्यासाठी किंवा प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा.

मेमोरँडम हाती आला की तारखेवर समाधान मानू नका, उद्दिष्टांचे कलम वाचा. जुन्या मेमोरँडममध्ये ‘अमुक ठिकाणी अमुक नावाने चालत असलेला व्यवसाय, त्याच्या मालमत्तेसह आणि देण्यांसह, चालू स्थितीत ताब्यात घेणे’ अशा अर्थाचे पहिलेच कलम अनेकदा असते. कंपनीआधीची पेढी आणि कंपनी यांच्यातला दुवा जोडणारा यापेक्षा चांगला कागद क्वचितच मिळतो, कारण तो नोंदणीच्या वेळचा आहे आणि वारसा सांगण्यासाठी नंतर तयार केलेला नाही. ते कलम असेल तर सलगतेचा दावा बळकट होतो. ते नसेल, तर दावा लगेच खोटा ठरत नाही. पेढीची विक्री वेगळ्या कराराने झालेली असू शकते. तेव्हा तो करार कंपनीकडे मागावा.

तेच नाव, पण तीच कंपनी आहे का?

नोंदींत सर्वांत मोठी फसगत येथे होते. बजाज ऑटोचा सीआयएन पाहिला तर त्यात वर्ष 2007 आणि क्रमांक 130076 दिसेल. केवळ त्यावर विसंबून कोणी ‘ही २००७ ची कंपनी’ असे लिहिले तर ते नोंदणीच्या दृष्टीने बरोबर आणि वाचकाच्या दृष्टीने दिशाभूल करणारे ठरेल. बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने १९४५ साली नोंदलेली कंपनी पुढे बजाज ऑटो झाली. २००७-०८ च्या डीमर्जरमध्ये, म्हणजे कंपनीच्या विभाजनात, वाहनांचा व्यवसाय नव्याने नोंदलेल्या कंपनीत गेला आणि बजाज ऑटो हे नाव त्या नव्या कंपनीला मिळाले. जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट या नावाने चालू राहिली. तिच्या सीआयएनमध्ये आजही 1945 आणि 004656 आहेत. म्हणजे कायद्याने जुने शरीर एकीकडे आणि कारखाना, कामगार, नाममुद्रा दुसरीकडे. किर्लोस्कर समूहातही असेच आहे: किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या सीआयएनमध्ये 2009 हे वर्ष आहे, पण खडकीचा इंजिनांचा व्यवसाय १९४६ चा आहे.

उलट दिशेची अडचण कमी चर्चिली जाते आणि ती अधिक धोक्याची आहे. एखादी जुनी, व्यवहार थांबलेली कंपनी कोणी विकत घेतो, तिचे नाव आणि उद्दिष्टे बदलतो आणि तिच्यातून अगदी नवा व्यवसाय सुरू करतो. सीआयएनमध्ये जुने वर्ष असते, प्रमाणपत्रही खरे असते आणि तरीही ‘तीस वर्षांचा अनुभव’ हे विधान पोकळ असते. हे ओळखण्यासाठी तीन कागद क्रमाने लावावेत: नावबदलाचे प्रमाणपत्र, उद्दिष्टांच्या कलमातला बदल आणि संचालक बदलल्याच्या नोंदी. तिन्ही घटना थोड्याच महिन्यांच्या अंतरात घडलेल्या दिसल्या आणि त्याआधीच्या ताळेबंदांत उत्पन्न शून्याजवळ असले, तर व्यवसायाचा खरा आरंभ तेथे आहे.

एलएलपी म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थांबाबत थोडक्यात सांगता येईल. त्यांच्या ओळख क्रमांकात वर्ष नसते आणि तो कायदाच २००८ चा आहे. त्याआधीचे वर्ष सांगणारी एलएलपी तेव्हा दुसऱ्या कोणत्यातरी रूपात असली पाहिजे. ते रूप कोणते, हे तिलाच विचारावे.

नोंदवही जेथे संपते

आता १८८८ कडे वळू. किर्लोस्कर ब्रदर्सच्या बाबतीत निबंधकाच्या नोंदीने १९२० सिद्ध होते. १८८८ विषयी ती नोंद काहीही सांगत नाही, होकारही देत नाही आणि नकारही देत नाही. ‘१८८८ ची नोंद सापडली नाही, म्हणून दावा संशयास्पद’ असे लिहिणे ही नवख्या बातमीदाराची ठरलेली चूक आहे. भागीदारी संस्थांची नोंदणी करणारी व्यवस्था १९३२ च्या भागीदारी कायद्याने आली. त्याआधी दोन भावांनी दुकान काढले तर ते नोंदवायला निबंधकच नव्हता. १९३२ नंतरही ही नोंदणी ऐच्छिकच राहिली. त्यामुळे १९३२ नंतरचा दावा असेल तर राज्याच्या भागीदारी संस्था निबंधकाकडे उतारा मागावा, कारण त्यात भागीदार सामील झाल्याच्या तारखा मिळतात. त्याआधीच्या दाव्यासाठी मात्र दुसरीकडेच शोधावे लागते.

शोधायला जाण्याआधी दाव्यातली माणसे आणि ठिकाणे कालक्रमाने मांडून पाहावीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा. म्हणजे १८८८ साली ते १९ वर्षांचे होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवले आणि ती संस्था १८८७ ची. कंपनीच्या कथनानुसार व्यवसायाची सुरुवात बेळगावातल्या सायकलींच्या दुकानाने झाली आणि तेथे त्यांचे थोरले बंधू रामुअण्णा होते. लोखंडी नांगर १९०३ चा. किर्लोस्करवाडी वसली १९१० साली, औंध संस्थानात. या मांडणीवरून तपासणीचे प्रश्न आपोआप तयार होतात: १८८८ मध्ये बेळगावात दुकान कोणाच्या नावे होते? ते किर्लोस्कर बंधूंच्या नावाने चालत होते का? सायकलींकडून नांगरांकडे जाताना तोच व्यवसाय विस्तारला की नवा सुरू झाला?

ठिकाणांच्या इतिहासावरून कागद कोणाच्या दप्तरी असतील हेही ठरते. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि आता कर्नाटकात आहे, त्यामुळे नगरपालिकेचे जुने कागद तेथे शोधावे लागतील, तर इलाखा सरकारचे कागद मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. किर्लोस्करवाडी संस्थानी मुलखात असल्यामुळे १९१० नंतरच्या जमिनीचे आणि परवानग्यांचे कागद ब्रिटिश दप्तरात शोधून मिळणार नाहीत. जुन्या संस्थानांतल्या कोणत्याही उद्योगाची तपासणी करताना हा भेद आधी करावा लागतो, नाहीतर चुकीच्या कपाटात महिने जातात.

वर्तमानपत्रे आणि निर्देशिका

वृत्तपत्रांच्या आधी निर्देशिका पाहाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘थॅकर्स इंडियन डिरेक्टरी’ आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची निर्देशिका दरवर्षी निघत असे आणि त्यांत गावोगावच्या पेढ्यांची नावे असत. पद्धत सोपी आहे. ज्या वर्षी नाव निश्चितपणे सापडते तेथून सुरुवात करून एकेक वर्ष मागे जावे आणि नाव पहिल्यांदा नाहीसे होते ते वर्ष नोंदवावे. वर्षाच्या सुरुवातीला छापलेल्या निर्देशिकेतली माहिती आधीच्या वर्षाची असते, म्हणून एका वर्षाची सूट द्यावी. लहान गावातले छोटे दुकान निर्देशिकेत येण्याआधी काही वर्षे चालत असू शकते. तेव्हा निर्देशिकेतली पहिली नोंद ‘या वर्षी तरी अस्तित्वात होते’ एवढेच सांगते. पेढीच्या वयाची ही खालची मर्यादा आहे, आरंभाची तारीख नव्हे.

त्यानंतर वर्तमानपत्रे. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे १८३८ पासूनचे अंक शुल्क भरून वापरायच्या डिजिटल संग्रहात आहेत आणि मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत तो संग्रह वाचता येतो. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे अंक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘ग्रंथसंजीवनी’ या डिजिटल संग्रहात पाहता येतात. मराठीसाठी पुण्याच्या केसरीवाड्यातले ग्रंथालय आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही पहिली ठिकाणे. ‘केसरी’ १८८१ चा, ‘ज्ञानप्रकाश’ त्याहूनही जुना. शिवाय बेळगावच्या दाव्यासाठी ‘बेळगाव समाचार’सारखे स्थानिक पत्र पुण्या-मुंबईच्या पत्रांपेक्षा अधिक उपयोगी, कारण गावातल्या दुकानाची जाहिरात गावच्या पत्रातच येणार.

शोधताना बातम्यांपेक्षा जाहिरातींवर भर द्यावा. नव्या दुकानाची बातमी क्वचित छापून येते, जाहिरात मात्र पैसे भरून येते आणि तिच्यावर अंकाची तारीख असते. डिजिटल संग्रहात शोधशब्द अनेक रूपांत टाकावे लागतात. इंग्रजी जाहिरातीत `Kirloskar Brothers` ऐवजी `Kirloskar Bros.` असते आणि गावाचे स्पेलिंग `Belgaum` बरोबरच `Belgam` असेही मिळते. जुन्या मराठी छपाईच्या प्रतिमांवर यंत्राने केलेले अक्षरवाचन फारच अशुद्ध असते. आडनावातले जोडाक्षर तुटते आणि शोध रिकामा येतो. अशा वेळी आडनाव सोडून ‘नांगर’ किंवा ‘बेळगाव’ असा सोपा शब्द शोधावा, आणि तेही जमले नाही तर अंक पान-पान चाळावेत. रिकाम्या शोधावरून ‘उल्लेख नाही’ असे कधीही लिहू नये. ‘१८८८ ते १८९० चे अमुक पत्राचे उपलब्ध अंक पाहिले, त्यांत उल्लेख आढळला नाही’ असे लिहावे आणि गहाळ अंकांची यादी स्वतःजवळ ठेवावी.

तारखांच्या बाबतीत एक ठरलेला घोळ आहे. जुन्या मराठी कागदांवर शालिवाहन शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. शके १८१० चा चैत्र १८८८ मध्ये येतो आणि त्याच शकाचा फाल्गुन १८८९ मध्ये. गुजराती व्यापाऱ्यांच्या वह्यांत विक्रम संवत असतो आणि त्याचे वर्ष दिवाळीनंतर उघडते, त्यामुळे संवत १९४५ ची पहिली पाने १८८८ ची आणि बाकीची १८८९ ची. कंपनीच्या दोन कागदांत एका वर्षाचा फरक दिसला, तर आरोप करण्याआधी हे रूपांतर तपासून घ्यावे.

वर्तमानपत्रातला प्रत्येक उल्लेख सारख्या मोलाचा नसतो. १८९० च्या अंकातली चार ओळींची जाहिरात ही १९८० च्या पुरवणीतल्या पानभर लेखापेक्षा मोलाची आहे, कारण ती छापली गेली तेव्हा जुनेपणा सांगण्याची कोणाला गरज नव्हती. महोत्सवी पुरवण्यांचा मजकूर बहुधा कंपनीकडूनच येतो, आणि नंतरचे लेख त्याच पुरवणीवरून लिहिले जातात. असे दहा लेख मिळाले तरी तो एकच साक्षीदार असतो. कंपनीच्या स्वतःच्या नियतकालिकाची गोष्ट थोडी वेगळी. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० साली सुरू झाले आणि पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. त्यात १९२० आणि नंतरच्या घटनांच्या नोंदी घटनेच्या वेळच्या म्हणून उपयोगी आहेत. १८८८ विषयीचे त्यातले कथन मात्र आठवणींचे कथन म्हणूनच वापरता येईल.

जुन्या महोत्सवी जाहिरातींचा एक नेमका उपयोग मात्र होतो. कंपनीने पूर्वी रौप्य, सुवर्ण किंवा हीरक महोत्सव साजरा केला असेल, तर त्या वर्षातून २५, ५० किंवा ६० वजा करावेत. १९७० साली सुवर्णमहोत्सव साजरा करणारी कंपनी आपला आरंभ १९२० मानत होती. तीच कंपनी आज १९०५ सांगत असेल, तर मधल्या काळात कोणता नवा कागद सापडला हे तिला विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

याच टप्प्यावर ट्रेडमार्कची नोंदही पाहून घ्यावी. ट्रेडमार्कच्या सरकारी शोधात अर्जदाराने ते नाव केव्हापासून वापरले हे दिलेले असते. आधीपासून वापर सांगायचा तर अर्जदाराला प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. जाहिरातीत १९५२ आणि प्रतिज्ञापत्रात १९७८ असे दिसले, तर प्रश्न विचारायला तेवढे पुरे आहे.

कंपनीला विचारणे आणि वाक्य लिहिणे

कागद हाती आल्यावरच कंपनीला लिहावे. ‘आपली स्थापना खरोखर १८८८ ची आहे का?’ या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर येईल आणि काम पुढे सरकणार नाही. त्याऐवजी तीन बाबी मागाव्यात: त्या वर्षी व्यवसाय अस्तित्वात होता हे दाखवणारा तेव्हाचा एखादा कागद, मूळ पेढीची मालमत्ता आजच्या कंपनीकडे आल्याचा करार, आणि हे वर्ष प्रथम वापरले गेले तो छापील मजकूर. उत्तरासाठी मुदत द्यावी. जुना कागद दाखवला गेला तर त्याची प्रत मागावी आणि त्यावरचे पत्ते, पदनामे, टपाल खुणा त्या काळाशी जुळतात का हे पाहावे.

बातमीतले वाक्य पुराव्याच्या बळानुसार बदलते. कागद मिळालेला असेल तेथे सरळ विधान करावे: ‘कंपनीची नोंदणी १९२० साली झाली.’ कंपनीच्या कथनावर उभे असलेले वर्ष कंपनीच्या तोंडी द्यावे: ‘कंपनीच्या म्हणण्यानुसार व्यवसायाचा आरंभ १८८८ साली बेळगावात झाला.’ निर्देशिकेचा किंवा जाहिरातीचा आधार असेल तर ‘अमुक सालापासून तरी ही पेढी व्यवसायात होती’ असे लिहावे. डीमर्जर झालेल्या कंपनीबाबत दोन्ही वर्षे एकाच वाक्यात द्यावीत, कारण एकच दिले तर कोणते निवडले यावरून बातमी कोणाच्या तरी बाजूने झुकते. ‘सर्वांत जुनी’ हे विशेषण वापरायचे असेल तर प्रतिस्पर्ध्याचीही हीच सगळी तपासणी करावी लागते. तेवढा वेळ नसेल तर ते विशेषण गाळावे.

शेवटी टिपणांची फाइल एका ठिकाणी ठेवावी: दाव्याचा शब्दशः उतारा, संकेतस्थळाच्या साठवलेल्या पानाचा पत्ता, मास्टर डेटाचा स्क्रीनशॉट, प्रमाणपत्राची प्रत, पाहिलेल्या निर्देशिकांची आणि अंकांची वर्षे, गहाळ अंक आणि कंपनीचे उत्तर. बातमी छापून आल्यावर कोणी जुनी जाहिरात किंवा करार घेऊन आला, तर तो कागद या फाइलशी ताडून पाहावा, आणि वर्ष बदलत असेल तर दुरुस्ती त्याच बातमीत, तारखेसह आणि कोणत्या कागदावरून केली हे सांगून छापावी.